हिरव्या पंपाचं मानपत्र

मेडशीत कोणाचा सत्कार असो, कोणी नोकरीतून निवृत्त होवो की कोणाच्या घरी बारसं असो, माइक शेवटी उकंडरावांच्या हातात जायचा. हातात गेला की परत यायला वेळ लागायचा. गावातला एक तलाठी बदलून गेला, तेव्हा उकंडरावांनी त्याला 'या मातीचा सुपुत्र' म्हटलं होतं. तो माणूस कोकणातला होता आणि गावात कधी मुक्कामाला राहिला नव्हता. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, तलाठ्यानं डोळे पुसले, आणि कोणाचं काही बिघडलं नाही. माणूस समोर उभा असला की त्याचं चांगलंच बोलायचं, वाईट बोलायला लोक घरी जाऊन मोकळे असतात, असा उकंडरावांचा सरळ हिशेब होता.

दिवाळीनंतर सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर आली, आणि उकंडरावांना जरा सवड मिळाली. त्याच सुमारास त्यांच्या मोबाईलवर एक निरोप आला. गेल्या हंगामात त्यांनी मोबाईलवरच्या दुकानातून बॅटरीवर चालणारा, हिरव्या टाकीचा फवारणी पंप मागवला होता. दुकान विचारत होतं, 'तुम्हाला आमची वस्तू कशी वाटली? आपलं मत लिहा.'

इतक्या वर्षांत उकंडरावांचं मत कोणी असं लेखी मागितलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, ओसरीवर मांडी घातली आणि बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं:

'अवघ्या शेतकरी बांधवांचा कैवारी, पिकांचा पाठीराखा असा हा फवारणी पंप म्हणजे या भूतलावरचं एक आश्चर्यच होय! असा पंप मागे झाला नाही, पुढे होणार नाही. पाठीवर घेतला की फुलासारखा हलका, चालू केला की मेघासारखा बरसणारा. शोधूनही दोष सापडणार नाही. पंप घरी आणून देणारा मुलगासुद्धा अत्यंत सुशील व संस्कारी. मला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल कंपनीचे आभार मानतो आणि माझं मनोगत संपवतो.'

खाली पाच तारे होते. त्यांनी पाचही पिवळे केले. सहावा असता तर तोही केला असता. मग ते सगळं त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांना पाठवून दिलं.

त्यातले एक सोयरे धनजचे शालिग्राम. उकंडरावांची मुलगी वर्षाराणी शालिग्रामची थोरली सून होती, म्हणजे दोघं एकमेकांचे व्याही, आणि वऱ्हाडी बोलीत 'इवाई'. आता त्याच घरातला धाकटा मुलगा करण याच्यासाठी उकंडरावांच्या पुतणीची, अंजूची, बोलणी चालू होती. अंजूचे वडील जगदेव मुलखाचे अबोल. 'दादा, तुमीच पाहा,' एवढं म्हणून त्यांनी मुलीचं लग्न थोरल्या भावाच्या गळ्यात टाकलं होतं. अंजू औषधशास्त्राची पदविका घेऊन मालेगावच्या एका औषधाच्या दुकानात कामाला होती. आतापर्यंत आलेल्या सगळ्या स्थळांना तिनं नाक मुरडलं होतं. करणचं नाव निघालं तेव्हा मात्र 'चालते' म्हणाली, आणि तेही हसू दाबून. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. तुळशीचं लग्न झालं की येत्या रविवारी पाहण्याचा कार्यक्रम ठरला होता.

आणि शुक्रवारी सकाळी शालिग्रामचा फोन आला.

"इवाई, पंप आला."

"कोणता पंप?"

"तुमचा कैवारी. तुमी लिवलं ते वाचून म्याबी मागवला."

"असं! मंग? फुलासारखा हाये का नाई?"

"अगदी फुलासारखा. आधी आंगणात नुसतं पाणी भरून पाह्यलं. पाठीवर घेतला आन् तुमचा मेघ माह्याच पाठीवर बरसला. मानीपासून निंगालं ते पाणी धोतरात गेलं. सारी गल्ली पाह्याले उभी होती. शेजारचा बाबूलाल म्हणे, जाऊ द्या शालिग्रामभाऊ, या वयात असं होतेच."

उकंडराव हसले. पलीकडून हसू आलं नाही, तेव्हा थांबले.

"पट्टे खांद्यात रुतले ते येगळंच," शालिग्राम म्हणाले. "आता मले एक सांगा. अंजूची तारीफ करताना तुमी काय म्हणले होते?"

"काय म्हणलो होतो?"

"म्हणले होते, शोधूनही दोष सापडणार नाई. हेच शब्द, इवाई. जे पोरीले, तेच पंपाले."

उकंडरावांच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला.

"आन् वर्षाराणीच्या टायमाले बी तुमी असंच बोलले होते," शालिग्राम पुढे म्हणाले.

"मंग तिच्यात काय खोट निंगाली?"

"निंगाली नाई. पण कालपासून मी पाहून राह्यलो." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "रविवारचं सध्या राहू द्या. तुमच्या शब्दावर चालायचं का नाई, हेच मले समजून नाई राह्यलं."

फोन बंद झाला. उकंडराव ओसरीवर बसून राहिले. त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, सुपातले तुरीचे दाणे निवडता निवडता सगळं ऐकलं होतं.

"पंपापायी पोरीचं लगन मोडते का काय आता?" त्या म्हणाल्या.

"मोडत नाई," उकंडराव म्हणाले. "माह्या लिवण्यानं बिघडलं, माह्याच लिवण्यानं दुरुस्त करतो."

आणि त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. दुकानात गेल्या खेपेचं मत बदलायची सोय होती. जुनं खोडून त्यांनी नवं लिहिलं. भाषण उलटं फिरवायचं तर पूर्ण फिरवायचं, अर्धवट कशाला:

'हा पंप म्हणजे शेतकऱ्याच्या पाठीत खुपसलेला खंजीर होय! याच्यासारखी फसवणूक मागे झाली नाही, पुढे होणार नाही. शोधूनही गुण सापडणार नाही. आणून देणाऱ्या मुलानेही दार फार जोरात वाजवलं. निषेध! निषेध! निषेध!'

पाचातले चार तारे त्यांनी विझवले. पाचवा विझेना. तेवढा एक द्यावाच लागतो असं दिसलं. हे सगळं त्यांनी लगेच शालिग्रामना पाठवलं आणि आता इवाई खूश होतील म्हणून मोबाईल समोर ठेवून बसले.

फोन आला.

"इवाई, कालपरवा कैवारी होता, आज खंजीर झाला?"

"तुमचा अनुभव ऐकून माहे डोळे उघडले."

"बरं झालं. मंग तुमच्या तुरीवर कायनं फवारून राह्यले?"

उकंडरावांनी आवाज खाली आणला. "त्याच पंपानं."

"म्हंजे खंजीर पाठीले बांधून फवारून राह्यले? अजी, पह्यलं लिवलं तवा वाटलं होतं इवाई भोळे हायेत. आता वाटते, इवायाले समोरचा जसा भेटला तसे ते बोलतात. मी उद्या येतो. पंप घेऊनच येतो. काय ते समोरासमोर होऊन जाऊ द्या."

संध्याकाळी अंजू मालेगावहून बसनं घरी आली. तिनं मोबाईल मागून घेतला, आधी खंजीर वाचला, मग सोयऱ्यांच्या गटात पडलेला कैवारी वाचला. वाचताना तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं. रविवारचं राहू द्या म्हटल्याचं कळलं तेव्हा ते गेलं.

"मोठेबाबा, हे दोन्ही वाचून कोणाले काय समजते, सांगा बरं?"

"समजते ना. आधी चांगला वाटला, मंग वाईट वाटला."

"पंपाचं काईच समजत नाई. फक्त तुमाले बोलाची हौस हाये एवढं समजते. आमच्या दुकानात बी अशेच लोक येतात. कोणी म्हणते या गोळीनं जादू झाली, कोणी म्हणते जहर हाये. कवा घेतली, कायच्यासाठी घेतली, घेतल्यावर काय झालं, हे कोणी सांगतच नाई. आन् पयलंवालं तर वाचून कोणी बी म्हणीन, कंपनीनं पैसे देऊन लिवून घेतलं."

"मी? पैसे घेऊन?" उकंडराव ओसरीवरून उठलेच. "माह्या तोंडून आजवर कोणी पैसे देऊन चांगलं बोलून नाई घेतलं. सारं फुकट बोललो मी!"

"तेच तर," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शालिग्राम मेडशीच्या फाट्यावर एस.टी.तून उतरले. उतरताना पंप पाठीलाच होता, कारण कंडक्टर म्हणाला होता की खाली ठेवला तर त्याचं वेगळं तिकीट लागेल. गावातून चालत येईपर्यंत दोघातिघांनी त्यांना फवारणीची मजुरी विचारली. त्यामुळे ते घरी पोहोचले तेव्हा आधीपेक्षा जास्त तापलेले होते.

पाणी झालं, चहा झाला. शालिग्रामनी चहाचा कप खाली ठेवला आणि पंप अंगणात मधोमध मांडला. "भरा पाणी," ते म्हणाले.

अंजूनं बादली आणली. टाकी गळ्यापर्यंत भरली. उकंडरावांनी पंप पाठीवर घेतला, दोन पावलं चालले, कमरेत थोडे वाकले, आणि त्यांचा सदरा मागून काळपट होत खाली खाली भिजत गेला. पाणी थंड होतं. उकंडरावांच्या तोंडून जो शब्द निघाला तो कोणत्याही मानपत्रात बसला नसता.

"हां!" शालिग्राम म्हणाले. "हा खरा अभिप्राय. हाच लिवा."

"थांबा," उकंडराव कुडकुडत म्हणाले. "माह्यावाला आणतो."

त्यांनी घरामागच्या सपरीतून आपला पंप आणला. टाकी तशीच हिरवी, नळी तशीच, बटण त्याच जागी. त्यात गळ्यापर्यंत पाणी भरून त्यांनी तो शालिग्रामच्या पाठीवर चढवला. शालिग्राम आधी डोळे मिटून उभे राहिले, जसा माणूस सुई टोचून घेताना राहतो. मग दोन पावलं चालले. वाकले. एकदा उडीही मारून पाहिली. सदरा कोरडाच. खांद्यालाही काही रुतेना.

त्यांनी डोळे उघडले. "कंपनीनं तुमाले येगळा देला, इवाई."

"येगळा काहून देईन? तोच हाये."

"तोच कसा? हा तर खरंच फुलासारखा हाये!"

दोघंही अंजूकडे पाहू लागले, जणू आता तिनंच न्याय करायचा. पण बोलल्या मनकर्णाबाई. त्या सूप बाजूला ठेवून उठल्या, पुढं आल्या, आणि नवऱ्याच्या पंपाचं झाकण फिरवून काढलं.

"कंपनीनं नाई, म्या आन् यायनं देला. हे पाहा." झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं गोल कापलेलं, जाडसर वायसर बसवलेलं होतं. "पयल्याच दिवशी गळला तवा बसवलं. हे पाहा." पट्ट्यांवर जुन्या गोधडीचे तुकडे दुहेरी टाक्यांनी शिवलेले होते. "खांदे सोलून आले होते घरी. रातभर तेल लावलं. आन् हे माह्या जुन्या लुगड्याचं फडकं. जाळी जाड हाये, कचरा आत जाते आन् नोझल तुंबते, म्हून पाणी गाळून घ्याले."

उकंडराव आपल्याच पंपाकडे नवख्यासारखे पाहत होते.

"हे कंपनीचं नोतं?" त्यांनी विचारलं.

"गोधडीचे टाके कंपनी मारते का?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "फुलाफुलाची गोधडी हाये, वर्षाराणीच्या बाळंतपणातली. कंपनी अकोल्याची असो का अमेरिकेची, तिच्याकडं कुठून आली?"

उकंडराव ओट्यावर बसले. त्यांना हळूहळू आठवू लागलं. पहिल्या दिवशी पंप गळाला होता, खरंच. संध्याकाळी त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापली होती. त्यात विशेष काय? नवी बैलगाडी आली तरी आधी तिचं वंगण पाहायचं, नवा विळा आला तरी त्याला धार लावायची. घरात आलेली कोणतीच वस्तू जशीच्या तशी वापरायची नसते. ती आपल्या हातानं सारखी करून घ्यायची, आणि सारखी झाली की ती तशीच जन्मली होती असं धरून चालायचं. त्यांनी पंपाची तारीफ केली होती ती मनापासून केली होती. फक्त ती या पंपाची होती, डब्यातून निघणाऱ्या पंपाची नव्हती.

"इवाई," ते शालिग्रामना म्हणाले, "मी खोटं नाई बोललो. पण खरं बी अर्धंच बोललो."

"मंग सारं बोला," शालिग्राम म्हणाले. पण त्यांचा आवाज आता फोनवरच्यासारखा तापलेला नव्हता. त्यांचं लक्ष गोधडीच्या टाक्यांवर होतं.

अंजूनं मोबाईल हातात घेतला आणि उकंडरावांचं जुनं मानपत्र सोयऱ्यांच्या गटातून शोधून काढलं. "खंजीर जाऊ द्या, तो तुमच्या मनातला नाई. हे मनातलं हाये. याच्यातूनच काढू. भूतलावरचं आश्चर्य. मोठेबाबा, तुमी काय पाह्यलं म्हून आश्चर्य वाटलं?"

"जुना हातपंप होता ना! एका हातानं दांडा मार, एका हातानं नळी धर. रातच्याले हात वर होत नोता, भाकरीचा घास तोंडात न्याले तुही मोठीआई लागे."

"मले तेवढंच काम," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"बस, हेच लिवू. दांडा मारा लागत नाई, हात दुखत नाई. आश्चर्य काढलं."

"आश्चर्य राहू दे ना जरासं."

"काढलं. मेघासारखा बरसणारा, म्हंजे?"

"म्हंजे फवारा सारखा पडते. बारीक. एका पानावर जास्त, एका पानावर कमी, असं होत नाई."

"मंग तसंच लिवू. चार्जिंग?"

"सकाळी वावरात गेलो का दुपारच्या भाकरीपर्यंत चालते. नवा होता तवा त्याच्याबी पुढं जाये."

"हे बी लिवू. कमी झालं ते बी. सुशील मुलगा काढते मी."

"तो काहून? पोट्टा खरंच सुशील होता. पाणी प्याला, तुह्या मोठीआईच्या पाया पडला."

"पंपाच्या फवाऱ्याशी त्याच्या पाया पडण्याचा काय संबंध? त्याचं मत मांगतात तवा येगळं मांगतात, तिथं लिवा."

ट्यूब, गोधडी आणि फडकं आलं तेव्हा उकंडराव स्वतःच सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांना जोर चढला. आता त्यांना कळलं होतं की नुसतं कौतुक नको. "हां, लिव. झाकण गळते. पट्टे रुततात. जाळी जाड. आन् लिव, रंग बी बरोबर नाई. आन् आवाज कर्कश. आन् डबा उघडता उघडत नाई."

अंजूचं बोट थांबलं. "रंग तुमाले आवडत नाई?"

"आवडते. हिरवाच पाह्यजे होता."

"आन् आवाज?"

"आवाज कुठचा? कान लावला तर ऐकू येते."

"मंग हे कायले सांगून राह्यले?"

"तूच म्हणली ना, दोन्ही बाजू पाह्यजे. चांगलं तिकडं एवढं झालं, तर वाईट इकडं तेवढं लागते ना? तराजू बरोबर नको व्हाले?"

"हा तराजू नाई, मोठेबाबा. तुमाले नाई सलत तो दोष लिवला, तर ते बी खोटं, फोकनाडच झालं. जे सलते तेवढंच. बरं, एक सांगा. याचा तुमाले राग येते का?"

उकंडरावांनी आपल्या पंपाकडे पाहिलं. झाकण एकदा उघडून पुन्हा घट्ट केलं.

"पयल्या दिवशी आला होता," ते म्हणाले. "वायसर लावल्यावर नाई आला. कंपनीचा येते थोडासा. दोन रुपयाच्या रबरासाठी माणसाले भिजवून काढते ती. पण पंपाचा नाई."

"हा आज मोडला तर दुसरा कोणता घेसान?"

"दुसरा काहून? हाच घेईन. पण सोबत ट्यूब घेईन."

"हां," अंजू म्हणाली. "हे शेवटी लिवू. आता तारे."

"पाच!"

"दोन," शालिग्राम म्हणाले.

"मामाजी..." अंजूच्या तोंडून सासऱ्याला म्हणायचा शब्द निसटला, तिनं लगेच सावरलं, "काका, मत मोठेबाबाचं हाये. तुमचं तुमी येगळं लिवा. मोठेबाबा, जो भिजला नाई तो पाच देईन. तुमी पयल्या दिवशी भिजले होते, आन् तरी परत घेसान म्हणता. किती?"

उकंडरावांनी बोट पुढं केलं, पाचव्या ताऱ्यावर धरलं, आणि मागे घेऊन चौथ्यावर आणलं. "चार. पण मनातून साडेचार."

अंजूनं सगळं वाचून दाखवलं:

'गेल्या हंगामापासून हा पंप सोयाबीन आणि तुरीवर वापरतो. फवारा बारीक आणि सारखा पडतो. हातपंपासारखा दांडा मारावा लागत नाही, त्यामुळे हात दुखत नाही. एका चार्जिंगवर सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत चालतो, नवा असताना त्याहून जास्त चालायचा. तक्रारी या. झाकणाचं वायसर पातळ आहे, टाकी गळ्यापर्यंत भरून वाकलं की पाणी पाठीवर येतं. मी सायकलच्या ट्यूबचं वायसर बसवलं, तेव्हापासून गळत नाही. पट्टे अरुंद आहेत, खांद्यात रुततात. बायकोने गोधडीचे तुकडे शिवून दिले. जाळी जाड आहे, पाणी गाळून भरावं, नाहीतर नोझल तुंबतं. ही कामं खरं तर कंपनीनेच करायला हवीत. औषध भरण्याआधी एकदा साधं पाणी भरून पाहावं. घरी एवढी दुरुस्ती जमत असेल तर घ्यावा, जमत नसेल तर आधी विचार करावा. माझा मोडला तर मी हाच परत घेईन.'

ऐकून उकंडराव जरा खट्टू झाले. "चांगलं हाये. पण कोणी टाळ्या नाई वाजवणार याले."

"मी वाजवली असती," शालिग्राम म्हणाले, "हे आधी वाचलं असतं तर. साधं पाणी भरून पाहा, ही माही अक्कल बी याच्यात आली." त्यांनी मान हलवली. "आता हे वाचलं असतं तरी बी मी पंप घेतलाच असता. पण ट्यूब कापून ठेवली असती आन् गल्लीले बोलावलं नसतं."

अंजूनं बटण दाबलं. दुकानानं कळवलं की मत तपासून मग दाखवलं जाईल.

मनकर्णाबाईंनी तोवर शालिग्रामच्या पंपाचे पट्टे मांडीवर घेतले होते. गोधडी अजून शिल्लक होती.

शालिग्राम खाटेवर नीट बसले. "इवाई, आता पोरीचं सांगा. तसंच. ट्यूब कुठं कुठं लावली, ते बी सांगजा."

उकंडरावांनी सवयीनं छाती भरून घेतली. 'अवघ्या' हा शब्द ओठांपर्यंत आलाही. मग त्यांनी अंजूकडे पाहिलं. तिनं ना पदर ओढला ना मान खाली घातली, सरळ त्यांच्याकडे पाहत उभी होती.

"सांगा मोठेबाबा," ती म्हणाली. "मी बी ऐकते."

उकंडरावांनी छातीतली हवा सोडून दिली. "लहानपणापासून पाहून राह्यलो. कामाले पक्की. दुकानात म्हाताऱ्या माणसाले गोळी कवा घ्याची ते तीनदा सांगते, चिडत नाई. घरी मात्र चिडते. सकाळचा चहा होईस्तोर तिच्याशी बोलू नये. भाकरी करते, पण एका अंगानं जाड होते. दुसऱ्याचं चुकलं का दुरुस्त केल्याबिगर तिले चैन पडत नाई, ते तुमी आताच पाह्यलं. ज्याच्याकडं ऐकून घ्याची ताकद हाये त्यानं खुशाल..." ते अडखळले. त्यांनी चष्मा पुसला. "आन् ट्यूब आमी तिले नाई लावली, इवाई. तिनंच आमाले लावली. हे घर गळत नाई, ते तिच्यामुळं."

मनकर्णाबाईंची सुई थांबली होती. अंजू पाठमोरी होऊन उगाच बादली सरळ करत होती, ती सरळच होती.

मग ती वळली. "काका, आता करणचं सांगा."

"करणचं?" शालिग्राम खुलले. ते दुसऱ्याचा निकाल लावायला आले होते, स्वतःवर पाळी येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "आमचा करण म्हंजे हजारात एक पोरगा! असा पोरगा मागे..."

ते थांबले. तिघंही त्यांच्याकडे पाहत होते. मनकर्णाबाईंनी तर सुई वर धरली होती.

"ट्रॅक्टर चांगला चालवते," शालिग्राम आवाज उतरवून म्हणाले. "पुढं चांगला चालवते. मांगं घेताना एकदा आमच्या गोठ्याचा कूड पाडला. वावरात कामाले कुचराई नाई. सकाळी उठाले कुचराई हाये. मायेचा हाये, वर्षाराणीच्या पोरीले खांद्यावरून उतरू देत नाई. पण राग आला का..."

"जेवत नाई," अंजू म्हणाली. "आन् मंग रात्री चिवडा खाते."

मनकर्णाबाईंनी सुई खाली ठेवली.

"हे तुले कोणी सांगतलं वं?" उकंडरावांनी विचारलं.

अंजूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती चहाचे कप उचलून घरात गेली, आणि कप धुण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, जरी कप दोनच होते.

शालिग्रामनी उकंडरावांकडे पाहिलं. उकंडरावांनी शालिग्रामकडे पाहिलं. "म्हंजे इवाई," शालिग्राम हळूच म्हणाले, "आपण इथं चौकशी करून राह्यलो, आन् या पोरायनं वापरून बी पाह्यलं... म्हंजे, बोलून बी पाह्यलं."

"फोनवर," उकंडराव म्हणाले. "फोनवरच बोलली असन, बापा."

"मंग रविवारी येतो आमी," शालिग्राम म्हणाले. "ठरल्याप्रमाणं."

जाताना त्यांच्या पंपाला ट्यूबचं वायसर होतं आणि पट्ट्यांना फुलाफुलाची गोधडी. फाट्यावर बस येईपर्यंत त्यांनी तो पाठीवरून उतरवलाच नाही. धनजला पोहोचल्यावर त्यांनी आपलं मत लिहिलं. तीन तारे दिले, आणि खाली एकच ओळ जोडली की वायसर बदलून घेतल्यावर ठीक आहे, पण बदलून द्यायला प्रत्येकाच्या घरी इवाई नसतो.

रविवारी उकंडरावांच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली. पोहे झाले. करण नवा शर्ट घालून इतका ताठ बसला होता की त्यालाच पट्टे रुतत असावेत असं वाटत होतं. अंजू आली, बसली, दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं, आणि सगळ्यांना जे समजायचं ते समजलं. जगदेव त्या दिवशीही काही बोलले नाहीत, फक्त दोनदा पोहे घेतले.

मग कोणीतरी म्हणालं, "उकंडरावभाऊ, दोन शब्द होऊन जाऊ द्या."

उकंडराव उठले. सदरा सारखा केला, हात पाठीमागे बांधले, मान वर केली. "मंडळी!" ते म्हणाले. "अवघ्या..."

स्वयंपाकघराच्या दारातून मनकर्णाबाई खोकल्या.

उकंडरावांनी एकदा करणकडे पाहिलं, एकदा अंजूकडे.

"करण चांगला पोरगा हाये," ते म्हणाले. "कूड एकदाच पाडला. चहा घ्या."

आणि खाली बसले. टाळ्या अंजूनंच आधी वाजवल्या.